मागून जाणारी माणसं

एसटी स्टँडच्या बाकावर बाप आणि मुलगी बसली आहेत. बाप म्हणतो, "औंदा काय इलाज नव्हता. वावर विकलं." 'वावर' या शब्दाला त्याच्या मागून डोईवर गाठोडं घेतलेली एक बाई जाते. चित्रपट पाहणाऱ्याला ती बाई आठवत नाही, आठवूही नये. पण पुढे बापाचा चेहरा जवळून दिसतो तेव्हा त्याच शब्दाला ती मागून गेली नाही, किंवा वाक्य संपल्यावर उगवली, तर दोन तुकड्यांचा सांधा उघडा पडतो. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण बापाच्या दुःखावरून त्याचं लक्ष उडतं.

सहायक दिग्दर्शक म्हणून मी गर्दी सांभाळली, तिथला हा प्रसंग आहे. सातारा जिल्ह्यातलं एक जुनं स्टँड होतं आणि गर्दीसाठी चाळीस माणसं. काही मुंबईहून कोऑर्डिनेटरने आणलेले ज्युनिअर आर्टिस्ट, बाकीची आसपासच्या गावांतली. त्यांची चार गटांत वाटणी केली. बारा जण बाकांवर आणि कट्ट्यावर, नऊ जण फलाटावरच्या रांगेत, चार चहाच्या टपरीशी आणि पंधरा जण 'पासिंग'ला. सेटवर मागून किंवा पुढून जाण्याला पासिंग म्हणतात.

चाळीस जणांना एकत्र उभं करून "नॅचरल राहा, कॅमेऱ्यात बघू नका" असं सांगितलं, तर प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे न बघण्याचा अभिनय करू लागतो. म्हणून एकत्र सांगायचं ते एवढंच: दृश्य कशाचं आहे, आवाज करायचा नाही आणि 'कट' ऐकल्यावर जागा सोडायची नाही. बाकी सगळं एकेकाच्या जवळ जाऊन. "मावशी, तुम्ही या खांबामागून निघायचं आणि त्या वेळापत्रकाच्या पाटीपाशी थांबायचं. लेकीकडे निघालाय, गाडी लागलीय, पण घाई नाही. मी रुमाल हलवला की निघा." निघण्याची जागा, पोचण्याची जागा, चालण्याचा वेग, खूण आणि जाण्याचं कारण एवढं प्रत्येकाला द्यावंच लागतं. त्यातलं कारण फार मोलाचं. गाडी सुटेल म्हणून चालणारा आणि गाडीला तासभर अवकाश आहे म्हणून चालणारा यांच्या खांद्यांतच फरक पडतो. कारण न दिलेली पंधरा माणसं एकाच तालात चालतात आणि स्टँडची कवायत होते.

खूण रुमालाची, कारण संवाद तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होत होते. ओरडून चालणार नव्हतं. मावशींना खांबापासून फ्रेममध्ये यायला चार पावलं लागत. 'वावर'ला त्या बापाच्या मागे दिसायच्या तर रुमाल 'इलाज'लाच हलवायला हवा. हे तालमीत पावलं मोजून ठरवलं. अभिनेत्याने मध्ये थोडा विराम घेतला की हिशेब चुके, म्हणून रुमाल हलवणाऱ्याचे डोळे मावशींकडे आणि कान बापाकडे.

पहिल्या टेकला वेगळीच चूक झाली. 'अॅक्शन' म्हणताच धरणाचे दरवाजे उघडावेत तशी पंधराही जणं एकदम निघाली. वीस सेकंदांनी बाप बोलू लागला तेव्हा मागे चिटपाखरू नव्हतं. यावर उपाय म्हणून गर्दीला आधी चालू करायचं. सहायक आधी 'बॅकग्राउंड' म्हणतो, स्टँड जागं होतं, दोन-तीन सेकंदांनी दिग्दर्शक कलाकारांसाठी 'अॅक्शन' म्हणतो. शिवाय पंधरांचे तीन गट करून त्यांना वेगवेगळ्या खुणा दिल्या. फ्रेमबाहेर गेलेला माणूस कॅमेऱ्यामागून वळसा घालून पुन्हा येऊ शकतो, पण त्याच्या अंगावर लक्षात राहील असं काही नसेल तरच. गर्द पिवळ्या लुगड्यातली आजी दोनदा गेली की लगेच ओळखू येते. भडक रंगाच्या माणसाला बसवावं, मातकट रंगाच्या माणसाला चालवावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

टेकमागून टेक होऊ लागले की अडचणींची जात बदलते. टपरीवरच्या काकांच्या हातात भरला ग्लास होता. तिसऱ्या टेकपर्यंत ते खरंच चहा प्यायले आणि ग्लास निम्मा झाला. दिग्दर्शकाने पहिल्या आणि पाचव्या टेकमधले तुकडे जोडले तर चहा वाढताना दिसणार. तेव्हापासून मी गर्दीला सुरुवात-शेवट नसलेली कामं देतो. तंबाखू मळणं, पदराने वारा घेणं, पिशवीत काहीतरी चाचपणं. सोललेलं केळं कुणाच्या हाती देत नाही. प्रत्येक 'कट'नंतर "सगळे पहिल्या जागेवर" अशी हाक जाते आणि कंटिन्युइटी बघणारी सहायिका फोटोशी ताडून बघते: पिशवी कुठल्या हातात, पदर डोक्यावर की खांद्यावर, रांगेत तिसरा कोण. आठव्या टेकपर्यंत माणसांना संवाद पाठ होतो आणि ती खुणेआधीच निघू लागतात. मावशी दोन पावलं आधी दिसू लागल्या तेव्हा त्यांना खांबाकडे तोंड करून उभं केलं आणि रुमालाऐवजी पाठीवर हात ठेवून सोडलं.

सगळ्यात गमतीचा भाग जवळच्या शॉटचा. रुंद शॉटमध्ये मावशी बापाच्या मागे वीस फुटांवरून जात होत्या. क्लोजअपसाठी लांब पल्ल्याची लेन्स लावली, कॅमेरा जरा सरकला आणि त्याच वाटेवरून जाणाऱ्या मावशी बापाच्या डोक्याआड झाकून गेल्या. अशा वेळी 'चीट' करतात, म्हणजे खरी जागा सोडून दिसण्यापुरती जागा बदलतात. आम्ही मावशींना पाच फूट बाजूला घेतलं आणि किंचित हळू चालायला सांगितलं, कारण अरुंद फ्रेम त्या चटकन ओलांडत होत्या. जमिनीवर मोजलं असतं तर सगळं चुकीचं होतं, पडद्यावर मात्र बरोबर. जुळवायची असते ती दिशा, शब्द आणि रंग. इंच नव्हे.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरचे गृहस्थ आलेच नाहीत, घरी कुणी आजारी पडलं होतं. त्यांचा चौकटीचा शर्ट आम्ही आदल्या संध्याकाळी वेशभूषेच्या पेटीत ठेवून घेतला होता, म्हणून निभावलं. तो दुसऱ्याला घालून पाठमोरा बसवला. लोक स्वतःच्या कपड्यांत येतात तेव्हा ठळक दिसणाऱ्यांचे कपडे ठेवून घेऊन बदली कपडे द्यायचे. उन्हात बसवलेल्यांना टेकच्या मध्ये सावली आणि पाणीही हवंच. भोवळ आलेला माणूस उठून गेला की त्याची जागा फ्रेममध्ये रिकामी दिसते, आणि त्याआधी तो माणूस आहे.

गर्दी फार मोठी झाली की ही जुळवाजुळव अशक्यच होते. रिचर्ड अॅटनबरो यांनी 'गांधी'मधली अंत्ययात्रा 31 जानेवारी 1981 ला दिल्लीत चित्रित केली तेव्हा सुमारे 3 लाख लोक जमले होते. एवढ्यांना पुन्हा पहिल्या जागेवर पाठवणार कोण? म्हणून 11 कॅमेरे एकाच वेळी चालवले. सगळे कोन एकाच क्षणाचे, त्यामुळे जुळवण्याचा प्रश्नच उरला नाही.

आमच्याकडे एकच कॅमेरा आणि चाळीस माणसं. दोन दिवस ती नुसते ओठ हलवून गप्पा मारत होती, काहींच्या चपलांना खालून फोम चिकटवला होता. शेवटचा शॉट झाल्यावर ध्वनिमुद्रकाने सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, "आता पाच मिनिटं खरं बोला." ही गर्दीची कुजबुज नंतर संवादांखाली घालायची असते. क्षणभर कुणालाच काही सुचेना. मग मावशींनी रांगेतल्या एकीला विचारलं, "तुझं गाव कंचं गं?"