बिल एप्रिलचं, खर्च मार्चचा

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, पण त्या वर्षाची बिलं यायची थांबत नाहीत. मार्चमध्ये काम करून गेलेला ठेकेदार निवांतपणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बिल पाठवतो. खर्च मात्र सेवा घेतली त्याच वर्षाचा असतो. म्हणून हिशेब अंतिम होण्याआधी लेखापाल एप्रिलमध्ये आलेली बिलं एकेक करून वाचतो आणि जुन्या वर्षाचा वाटा ३१ मार्चच्या तारखेनं 'प्रोव्हिजन' म्हणून, म्हणजे खर्चाची तरतूद म्हणून, नोंदवतो.

हे वाचताना त्याची नजर बिलाच्या तारखेवर नसते. सेवा कोणत्या दिवसांत मिळाली, हे त्याला शोधायचं असतं. समजा, चाकणच्या एका लहान कारखान्यात २० एप्रिलपर्यंत पाच बिलं आली, आणि पाचांवरही तारीख एप्रिलचीच आहे.

पहिलं साफसफाईच्या ठेकेदाराचं. काम पूर्ण मार्चचं, रक्कम ४०,००० रुपये आणि वर ७,२०० रुपये जीएसटी. तरतूद ४०,०००ची होते. कारखान्याला या जीएसटीचं क्रेडिट मिळणार असल्यामुळे तो कर त्याचा खर्चच नाही.

दुसरं विजेचं बिल १४ मार्च ते १३ एप्रिल या काळाचं, १,५५,००० रुपयांचं. एकूण ३१ दिवस, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. मार्चचे १८ दिवस धरले की ९०,००० रुपये जुन्या वर्षाचे. पण एप्रिलमध्ये चार दिवस यंत्रं बंद असतील तर दिवसांची ही वाटणी फसते. अशा वेळी ३१ मार्चला संध्याकाळी मीटरचं रीडिंग लिहून ठेवलेलं असेल, तर तेच खरं.

तिसरं बिल वाहतूकदाराचं, बारा खेपांचं, १,०८,००० रुपयांचं. बिलात फक्त एकूण रक्कम आहे. तारखा मिळतात त्या सोबत जोडलेल्या बिल्ट्या आणि पोचपावत्यांवर. मार्चअखेर माल पोचलेल्या आठ खेपांचे ७२,००० रुपये तरतुदीत येतात. यातल्या काही खेपांची तरतूद स्टोअरच्या आवक नोंदींवरून आधीच झाली असेल, तर तोच खर्च दोनदा धरला जाईल. म्हणून तयार यादीशी बिल्टी नंबर जुळवूनच पुढे जायचं.

चौथं बिल संगणकांच्या वार्षिक देखभाल कराराचं, १,२०,००० रुपयांचं. करार १ एप्रिलपासून सुरू होतो, म्हणून जुन्या वर्षात शून्य.

पाचवं बिल वकिलांचं, ७५,००० रुपयांचं. त्यावर 'व्यावसायिक शुल्क' एवढंच लिहिलंय, काळाचा उल्लेखच नाही. इथे कागद पुरत नाही; ज्यानं ते काम दिलं त्या अधिकाऱ्याला विचारावं लागतं. फेब्रुवारी आणि मार्चच्या तारखांचे ६०,००० आणि एप्रिलचे १५,००० असा खुलासा मिळतो. तो बिलाला जोडून ठेवायचा, कारण ऑडिटर तो नक्की मागणार.

बेरीज केली तर जीएसटी सोडून ४,९८,००० रुपयांच्या बिलांपैकी २,६२,००० रुपये जुन्या वर्षाचे निघाले. बिलाची तारीख पाहून नोंदी केल्या असत्या, तर तेवढाच नफा ताळेबंदात फुगून दिसला असता. अशा तरतुदीवरही टीडीएसचे नियम लागू होऊ शकतात. जिथे ते लागू आहेत तिथे कापणी राहिली, तर प्राप्तिकराच्या हिशेबात त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो.

१ एप्रिलला ही नोंद उलटवतात आणि प्रत्यक्ष बिल आलं की ते पूर्ण रकमेनं नोंदवतात. विजेचंच पाहा. एप्रिलच्या खर्चात आधी उणे ९०,००० आणि मग अधिक १,५५,००० पडले, उरले ६५,०००, म्हणजे नेमके तेरा दिवसांचे. एखाद्या खात्यात जूनपर्यंत उणे आकडा तसाच दिसत असेल, तर बिल अजून आलेलं नाही, किंवा मार्चमध्ये तरतूद उगाच झाली, असं समजावं.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे: जे बिल आलंच नाही ते वाचणार कसं? त्यासाठी पुरवठादारांची नावं उभी आणि बारा महिने आडवे मांडून एक तक्ता करतात. भाड्याच्या ओळीत अकराच आकडे दिसले की बारावा महिना राहिलाय हे कळतं, आणि मग करारातल्या दरानं अंदाजे तरतूद करता येते. हिशेब मंजूर झाल्यावर मात्र दार बंद होतं. त्यानंतर उगवलेलं किरकोळ बिल, ते कितीही जुन्या कामाचं असलं तरी, चालू वर्षाच्याच खर्चात जातं.