दाढेच्या खाली दाढ

“ताई, धोका नाही म्हणता, मग तुम्ही बाहेर का जाता?”

दाताच्या एक्स-रेच्या खोलीत हा प्रश्न विचारला नऊ वर्षांच्या एका मुलाने. त्याला आपण सोहम म्हणू. गोष्ट रचलेली आहे, पण असा प्रसंग कुठल्याही दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत सहज घडतो. चौथीतला मुलगा, खाली उजवीकडे दुधाची शेवटची दाढ किडलेली, चार रात्री दुखून झोप नाही. डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं, केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, “आधी एक्स-रे काढून या.”

सोहमच्या मामेभावाने त्याला सांगून ठेवलं होतं की आतून करंट जातो. दारावर लाल दिवा आणि पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांची धोक्याची खूण होती. भिंतीतून बाहेर आलेल्या लांब हाताच्या टोकाला एक नळकांडं होतं आणि ते थेट गालावर रोखायचं होतं. आईने “काही होत नाही रे” असं चार वेळा म्हणून पाहिलं होतं. मूल घाबरलं की आपण सगळे हेच म्हणतो, आणि मुलाला त्यातून काहीच कळत नाही.

तंत्रज्ञ ताईंनी मात्र प्रश्नाला उत्तर दिलं. “तुझा आज एकच फोटो. माझ्या हातून दिवसभरात कितीतरी फोटो निघतात, उद्या पुन्हा तेवढेच. तू पावसात एकदा भिजलास तर काय होतं? मी रोज दिवसभर भिजत उभी राहिले तर? म्हणून मी भिंतीआड जाते. तिथल्या काचेतून तू मला दिसतोस. हात वर केलास की मी लगेच आत येईन.”

उत्तर साधं आहे आणि बरोबरही. जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून आपल्या सगळ्यांवर किरणोत्सार सतत होतच असतो. त्याची जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसीव्हर्ट. एका दाढेच्या डिजिटल एक्स-रेचा डोस काही मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे ढोबळमानाने घरी बसून एका दिवसात मिळतो तेवढा किंवा त्याहून कमी. म्हणून सोहमने घाबरायचं कारण नाही. पण गरज नसताना एक्स-रे काढू नये हेही तितकंच खरं, कारण लहान मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असतात. ताईंनी त्याला शिशाचा एप्रन बांधला आणि गळ्याशी कॉलर लावली ती थायरॉइड ग्रंथीसाठी. याहून महत्त्वाची काळजी म्हणजे किरणांचा झोत त्या दाढेपुरता आवळून ठेवणं. ते काम नळकांडं करतं.

“आणि करंट?”

“करंट यंत्रात असतो. तुझ्यापर्यंत तो येत नाही. तुला फक्त ‘बीप’ ऐकू येईल. तेवढ्यात झालेलं असेल.”

ही ‘बीप’ सेकंदाच्या एका छोट्या अंशाची असते. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचं चित्र काढलं. त्यासाठी त्याला २५ मिनिटं निश्चल बसावं लागलं होतं. त्या काळात किरणांचा घातकपणा कुणाला माहीत नव्हता, आणि पुढे काही दंतवैद्यांना बोटं, हात आणि जीवही गमवावा लागला. आजची भिंत, आजचा आवळलेला झोत आणि ती क्षणभराची ‘बीप’ या अनुभवातून आली आहे.

खरी अडचण किरणांची नव्हतीच. तोंडात जो सेन्सर ठेवायचा असतो तो कडक, चपटा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. खालच्या दाढेसाठी तो जीभ आणि जबडा यांच्या मधे खोल बसवावा लागतो. तिथे तो टोचतो, जीभ त्याला वर ढकलते आणि उमाळा येतो. ताईंनी मुलांचा लहान सेन्सर घेतला आणि तो आधी सोहमच्या हातात दिला. मग यंत्र बंद ठेवूनच एकदा रंगीत तालीम केली. “जीभ सैल सोड, जणू ती तुझी नाहीच. नाकाने श्वास घे. आणि पायाची बोटं वर उचलून धर, खाली टेकवायची नाहीत.” बोटांकडे लक्ष गेलं की घशाकडचं लक्ष कमी होतं. ही युक्ती साधी आहे, पण बऱ्याच मुलांना तिचा उपयोग होतो.

तालमीत जिभेने सेन्सर वर उचलला होता. ताईंना ते धारकाच्या तिरक्या कडीवरून कळलं. तसंच बटण दाबलं असतं तर दाढेचा माथा आला असता आणि मुळांची टोकं कापली गेली असती. डॉक्टरांना तर मुळंच पाहायची होती, म्हणजे दुसरा एक्स-रे, दुसरा डोस. झोत सेन्सरच्या बाजूला गेला तर चित्राचा एक कोपरा कोरा, पांढराशुभ्र येतो. मुलगा हलला तर कडा पुसट होतात. ही चित्रं पुन्हाच काढावी लागतात. म्हणून तालमीत गेलेली दोन मिनिटं वाया गेली असं मी मानत नाही. मुलांच्या एक्स-रेत डोस वाचवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पहिल्याच वेळी नीट चित्र काढणं. सेन्सर पुन्हा बसवला. ताई बाहेर गेल्या. ‘बीप’ झाली. सोहमची पायाची बोटं अजून वरच होती.

डिजिटल यंत्रात चित्र काही सेकंदांत पडद्यावर येतं. ताईंनी सोहमला स्टुलावर बसवलं आणि त्याला काय काय दिसतं ते विचारलं.

“पांढरं, राखाडी आणि काळं.”

“ही सावली आहे. जिथे किरण अडले तिथे पांढरं, जिथे आरपार गेले तिथे काळं.”

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्यामुळे ते सगळ्यात पांढरं दिसतं. त्याच्या आतला थर कमी पांढरा. मधोमध दाताची नस असते, ती मऊ, म्हणून काळी. दाढेभोवतीचं हाड राखाडी, बारीक जाळीदार. सोहमच्या दाढेवर पांढऱ्या कवचाला एका बाजूने खिंडार पडलं होतं आणि तिथून एक काळा डाग आत उतरत थेट नसेच्या काळ्या जागेला मिळाला होता. चार रात्रींचं दुखणं तिथे होतं.

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. एक्स-रेत कीड दिसायला त्या जागेचं साधारण ३० ते ४० टक्के खनिज झिजलेलं असावं लागतं. म्हणजे चित्रात दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात थोडी पुढे गेलेली असते, आणि अगदी सुरुवातीची कीड चित्रात येतच नाही. ‘एक्स-रे स्वच्छ आला’ म्हणून दाढ निरोगी असं धरता येत नाही. आरसा घालून पाहिलेलं आणि चित्रात पाहिलेलं, दोन्ही जुळवावं लागतं.

सोहमची नजर मात्र खाली गेली होती. दुधाच्या दाढेच्या दोन मुळांच्या मधे, हाडाच्या आत, आणखी एक दात होता. पांढरी टोपी पूर्ण, खाली मूळ जेमतेम फुटलेलं, आणि भोवती काळी कडा.

“ताई, हे काय? आत दाढ अडकलीय! आणि तिच्याभोवती काळं आहे. तिथेही कीड?”

मोठी माणसंही इथे चकतात. काळं म्हणजे रोग, असं नेहमी नसतं. जबड्यात वाढणारा प्रत्येक दात एका मऊ पिशवीत असतो. ती पिशवी किरण अडवत नाही, म्हणून दाताभोवती काळी कडा दिसते, आणि तिच्या बाहेर हाडाची नाजूक पांढरी रेघ असते. ती रेघ अखंड असेल तर सगळं ठीक. आत दिसत होती ती सोहमची कायमची उपदाढ. दुधाच्या या दाढेच्या जागी ती साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी यायची.

“ही तुझी पुढची दाढ. अजून दोनेक वर्षं तिथेच वाढणार.”

“म्हणजे ही किडकी काढून टाकली तर चालेल?”

ताई थांबल्या. “ते डॉक्टर सांगतील. मी चित्र दाखवते, उपचार ते ठरवतात.”

हे थांबणंही त्यांच्या कामाचाच भाग होता. कारण सोहमचा तर्क वरवर बरोबर वाटला तरी त्यात एक चूक होती. दुधाची ही दाढ वेळेआधी काढली तर तिच्या मागची, सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची जागा खाते. मग ती वाकडी येते किंवा अडकून बसते. उपदाढ बाहेर यायला निघते तेव्हा तिचं मूळ निम्म्याहून बरंच जास्त तयार झालेलं असतं. सोहमचं तर आत्ताच फुटत होतं.

डॉक्टरांनी चित्रात सगळ्यात आधी पाहिलं ते दुधाच्या दाढेच्या दोन मुळांमधलं हाड. मोठ्यांच्या दाताची नस मेली की पू बहुतेक मुळाच्या टोकाशी साठतो. दुधाच्या दाढेत नसेच्या तळातून खाली उतरणाऱ्या बारीक वाटा असतात, म्हणून पहिला काळा डाग मुळांच्या मधल्या भागात दिसतो. तिथलं हाड पोखरलेलं असतं आणि उपदाढेच्या पिशवीभोवतीची पांढरी रेघ तुटलेली असती, तर दाढ काढून जागा राखणारी तार बसवण्याचा विचार करावा लागला असता. सोहमच्या चित्रात तिथली राखाडी जाळी शाबूत होती. डॉक्टरांनी दाढ वाचवायचं ठरवलं. नस काढायची, मुळांत विरघळणारी पेस्ट भरायची आणि वर स्टीलची कॅप. विरघळणारी अशासाठी की उपदाढ वर येताना दुधाच्या दाढेची मुळं झिजत जातात. आत भरलेलं तसंच राहिलं तर ते तिच्या वाटेत येईल.

भारतात दातांच्या एक्स-रे यंत्राची नोंदणी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. दवाखान्यात त्याबद्दल विचारायला संकोच करू नका. एक्स-रे काढून झाला की त्याची मूळ फाइल मागून घ्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पुरत नाही, त्यात बारीक रेघा हरवतात. फाइलच्या नावात तारीख लिहून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर सगळ्यात आधी तीच दाखवा. चित्र अलीकडचं आणि नीट असेल, तर मुलाला पुन्हा सेन्सर तोंडात धरावा लागणार नाही.