‘किरकोळ बदल’ कुठे लपतात

आठ ओळींचे एक बिल घ्या. प्रत्येक ओळीत १२ रुपये ३५ पैशांची वस्तू आणि तिच्यावर ५ टक्के कर. एका ओळीवरचा कर ६१.७५ पैसे होतो, तो पूर्णांकात ६२ पैसे धरला की आठ ओळींचा कर ४ रुपये ९६ पैसे. हाच कर बिलाच्या एकूण रकमेवर, म्हणजे ९८ रुपये ८० पैशांवर मोजला तर ४ रुपये ९४ पैसे येतो. फरक दोन पैशांचा. दुकानात याकडे कोणी बघणार नाही, पण दिवसाला हजारो बिले काढणाऱ्या साखळीत हिशेबनीस विचारणारच: सॉफ्टवेअरने कर मोजायची पद्धत केव्हा बदलली, कोणी बदलली आणि का?

याचे उत्तर कोडच्या इतिहासात असते. लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ साली लिनक्ससाठी गिट लिहिले. त्यात प्रत्येक बदल ‘कमिट’ म्हणून नोंदला जातो, सोबत लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि एक संदेश. नाव आणि वेळ यंत्र घालते, संदेश माणसाने लिहायचा असतो, आणि घोळ तिथेच होतो. समजा या बिलाच्या सॉफ्टवेअरची 2.4.0 ही आवृत्ती बाहेर पडली आणि हिशेबनिसाच्या प्रश्नावर कोणीतरी मागच्या आवृत्तीपासूनचा इतिहास काढला:

```
git log --oneline v2.3.1..v2.4.0
```

पडद्यावर ‘minor changes’, ‘fix’, ‘final’, ‘final 2’ अशा ओळी आल्या, तर कर कुठल्या ओळीत बदलला हे शोधायला प्रत्येक कमिट उघडून कोड वाचावा लागेल.

यावर अँग्युलर या वेब-फ्रेमवर्कच्या चमूने एक शिस्त आखली होती. तिच्यातूनच पुढे ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ हा खुला नियमसंच तयार झाला. नियम साधा आहे. संदेशाच्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बदलाचा प्रकार, कंसात कोडचा भाग, मग अपूर्णविराम आणि एका वाक्यात बदल. नवी सोय दिली तर `feat`, चूक सुधारली तर `fix`. बाकी `docs`, `test`, `refactor`, `chore` वगैरे शब्द चमूने आपापसात ठरवून घ्यायचे. आपल्या बिलातला बदल असा नोंदवता येईल:

```
fix(tax): कर ओळीऐवजी एकूण रकमेवर मोजा

प्रत्येक ओळीवर पूर्णांकन केल्याने आठ ओळींच्या
बिलात दोन पैसे जास्त लागत होते.
जुनी बिले बदललेली नाहीत.

Refs: #412
```

संदेश मराठीत लिहायला गिटची हरकत नसते. सुरुवातीचा शब्द मात्र ठरलेलाच हवा, कारण तो यंत्र वाचते. मधला परिच्छेद माणसासाठी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. ‘काय’ बदलले ते कोडमध्ये दिसतेच. ‘का’ हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते. शेवटच्या ओळीतला क्रमांक तक्रारीचा आहे. तो धरून गेले की मूळ मागणी कोणाची होती तेही कळते.

या शब्दांवरून git-cliff किंवा semantic-release सारखी साधने दोन आवृत्त्यांमधले कमिट वाचतात आणि चेंजलॉग, म्हणजे ग्राहकाला वाचता येईल अशी बदलांची यादी, तयार करतात:

```
## 2.4.0

### नव्या सोयी
- bill: बिल मोबाइलवर पाठवता येते

### दुरुस्त्या
- tax: कर ओळीऐवजी एकूण रकमेवर मोजा
```

आवृत्तीचा आकडाही त्यातूनच ठरवता येतो. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या पद्धतीत तीन आकडे असतात. नुसत्या `fix` ने शेवटचा वाढतो, `feat` ने मधला, आणि जुन्या वापरात मोडतोड करणाऱ्या बदलाने पहिला. वरच्या यादीत एक नवी सोय आहे म्हणून 2.3.1 चे 2.4.0 झाले.

आता खरी मेख. यादीत काय येणार हे पहिल्या शब्दावर ठरते. घरकामाच्या बदलांसाठी असलेला `chore` बहुतेक मांडण्यांत चेंजलॉगमध्ये येतच नाही आणि त्याने आकडाही वाढत नाही. त्यामुळे करमोजणीचा बदल कोणी घाईत `chore: कोड नीटनेटका केला` असा नोंदवला, तर यादी पूर्ण आणि व्यवस्थित दिसेल, फक्त हिशेबनिसाला हवी असलेली ओळ तिच्यात नसेल. ‘minor changes’ बघून निदान संशय तरी येतो; इथे तोही येत नाही. commitlint सारखे साधन हे पकडत नाही, कारण ते संदेशाचा साचा तपासते, खरेखोटेपणा नाही. पकडायचे तर उलट दिशेने शोधावे लागते. ज्या फोल्डरमध्ये पैशांचा हिशेब आहे, तिथे `chore` म्हणून काय काय शिरले ते पाहायचे:

```
git log --oneline --grep='^chore' \
  v2.3.1..v2.4.0 -- src/tax
```

यात एकही ओळ आली तर ती उघडून वाचायची. आवृत्ती बाहेर काढण्याआधी पाच मिनिटांचे हे काम आहे.

दुसरी गळती ‘स्क्वॉश मर्ज’मध्ये होते. एका शाखेवरचे दहा कमिट मुख्य शाखेत घेताना त्यांचा एकच कमिट केला जातो, आणि बहुधा त्या बदलविनंतीचे शीर्षक त्याची पहिली ओळ बनते. शीर्षक `feat(bill): बिल मोबाइलवर पाठवता येते` असेल आणि आतल्या दहांत एक कराची दुरुस्ती असेल, तर यादीत फक्त मोबाइल उरतो. म्हणून अशा ठिकाणी साचा तपासायचा तो शीर्षकाचा, आणि कराची दुरुस्ती वेगळ्या विनंतीत पाठवायची. ज्या कमिटला दोन प्रकार लागू पडतात, तो मुळात दोन कमिटचा ऐवज असतो.

प्रकार ठरवताना किती ओळी बदलल्या याला महत्त्व नाही. वापरणाऱ्याला काय फरक पडतो ते पाहायचे. आपल्या उदाहरणात बिलाची फाईल हिशेबाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला जात असेल आणि या बदलाने तिच्यातला ओळीनिहाय कराचा रकाना गेला असेल, तर ते सॉफ्टवेअर अडेल. मग ही नुसती दुरुस्ती राहत नाही. `fix(tax)!:` असे उद्गारचिन्ह द्यायचे, किंवा संदेशाच्या तळाशी एक ओळ सोडून `BREAKING CHANGE:` लिहून काय अडेल ते सांगायचे. हे शब्द मोठ्या अक्षरांतच हवेत. आवृत्ती मग 2.4.0 नव्हे, 3.0.0 होते. पहिला आकडा वाढवायला चमू कचरतात, कारण ग्राहक बिचकतो. माझ्या मते त्याने बिचकायलाच हवे. बदल घेण्याआधी तो आपला रकाना तपासेल.

इतिहास हा पुरावा म्हणून वापरायचा असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. कमिटवरचे नाव यंत्र घालते खरे, पण आपापल्या संगणकावर जे नाव नोंदवले असेल तेच. गिट ओळखपत्र मागत नाही. म्हणून निदान आवृत्तीच्या टॅगवर तरी डिजिटल सही हवी. `git tag -s` ने ती करता येते आणि `git tag -v` ने पडताळता येते.

आणि चुकीचा प्रकार लिहून कमिट मुख्य शाखेत गेला, आवृत्तीही बाहेर पडली, तर? मर्ज होण्याआधी `git rebase -i` ने संदेश बदलता येतो. नंतर मात्र इतिहासाला हात लावू नये. संदेश बदलला की कमिटची ओळखखूण बदलते, आणि टॅग नव्या कमिटवर हलवला तर लोकांकडे पोहोचलेला टॅग व तुमच्याकडचा टॅग वेगवेगळ्या गोष्टी दाखवू लागतात. तेव्हा चेंजलॉगमध्ये 2.4.0 च्या खाली हाताने एक ओळ वाढवायची, ‘या आवृत्तीत करमोजणीही बदलली, नोंद उशिरा केली’, आणि ती ओळ वाढवणारा कमिट `docs(changelog):` म्हणून नोंदवायचा.