तारा आणि परतीची खूण

गावच्या जमिनीचे जुने सातबारे मी एकदा स्कॅन करून एका फोल्डरात टाकले. फायलींना नावं देताना शिस्त पाळली नव्हती. गावाचं नाव, मग कधी गट क्रमांक, मग वर्ष, असं काहीतरी होतं. पुढे कधीतरी २०१० ते २०१९ मधले तेवढे हवे झाले तेव्हा शोधाच्या चौकटीत मी टाइप केलं: `j*_20??.pdf`. म्हणजे नाव j ने सुरू व्हावं, मध्ये काहीही असावं, मग खालची रेघ, वीस, आणखी दोन कुठलीही अक्षरं, आणि शेवटी पीडीएफ. २००३ चा एक सातबाराही सोबत आला, पण तो माझाच आळस. `201?` लिहिलं असतं तर आला नसता.

ही भाषा जुनी आहे. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये ग्लॉब नावाचा एक वेगळा प्रोग्राम होता, त्याचं कामच हे: तारा आणि प्रश्नचिन्ह असलेला नमुना घ्यायचा आणि त्यात बसणाऱ्या फायलींची नावं काढून द्यायची. नियम दोनच. प्रश्नचिन्ह म्हणजे बरोबर एक अक्षर, कुठलंही. तारा म्हणजे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा. प्रश्नचिन्हात काही गूढ नाही. सगळी भानगड ताऱ्याची, कारण त्याने नेमकी किती अक्षरं गिळायची हे कुणीच सांगितलेलं नसतं.

हे हाताने करून बघू. फायलीचं नाव `junnar_2_2019.pdf`, नमुना वरचाच. डाव्या हाताचं बोट नावावर ठेवा, उजव्या हाताचं नमुन्यावर. दोन्हींखाली j आहे, जुळलं, दोन्ही बोटं एक घर पुढे. आता उजव्या बोटाखाली तारा आला. इथे तो किती गिळेल याचा विचार करायचा नाही. त्याने काहीच गिळलं नाही असं धरायचं आणि दोन खुणा करायच्या: नमुन्यात तारा कुठे आहे, आणि नावात आपण कुठे होतो. मग उजवं बोट ताऱ्याच्या पुढे, खालच्या रेघेवर.

डाव्या बोटाखाली u आहे. रेघ आणि u जुळत नाहीत. तेव्हा परत फिरायचं: ताऱ्याला एक अक्षर खायला द्यायचं, नावातली खूण एक घर पुढे सरकवायची, डावं बोट त्या खुणेवर आणि उजवं बोट पुन्हा ताऱ्याच्या लगेच पुढे. n जुळत नाही, दुसरा n नाही, a नाही, r नाही. अशा पाच माघारींनंतर डावं बोट पहिल्या रेघेवर येतं आणि गाडी चालू लागते. रेघ जुळली. २ जुळला. नमुन्यात पुढे शून्य आहे, नावात मात्र पुन्हा रेघ. फसलं. जुन्नरच्या पुढचा तो सुटा २ गट क्रमांक होता, वर्षाची सुरुवात नव्हती.

इथेच नवखे चुकतात. डावं बोट आहे तिथेच ठेवून फक्त उजवं बोट ताऱ्याकडे नेलं तर मधली अक्षरं न तपासता सुटतात. बोट खुणेवरच गेलं पाहिजे, म्हणजे प्रत्यक्षात एक घर मागे, त्या सुट्या २ वर. तो रेघ नाही, म्हणून ताऱ्याच्या पोटात जातो. पुढची रेघ जुळते, मग २, मग ०. दोन प्रश्नचिन्हं १ आणि ९ घेतात, `.pdf` बसतं आणि नाव संपतं. ताऱ्याने शेवटी `unnar_2` एवढं खाल्लं, सात अक्षरं.

या पद्धतीला ग्रीडी म्हणतात, म्हणजे अधाशी. मला ते नाव नेहमी उलटं वाटतं, कारण यातला तारा अगदी कंजूष आहे; गळ्याशी आल्याशिवाय एक घास जास्त घेत नाही. अधाशीपणा आहे तो बोटांचा: पहिली जुळणी दिसली की ती पकडून पुढे पळायचं.

आता खरा प्रश्न. नमुन्यात दोन तारे असतील तर? दुसऱ्या ताऱ्यावर पोचल्यावर आपण जुन्या दोन्ही खुणा पुसतो आणि त्यांच्या जागी नव्या करतो. पुढे अडलं तर फक्त शेवटच्या ताऱ्याकडे परततो, पहिल्याकडे कधीच नाही. पहिल्याने आणखी दोन अक्षरं खाल्ली असती तर सगळं जुळलं असतं, अशी शक्यता आपण घालवत तर नाही ना?

नाही, आणि कारण छान आहे. पहिला आणि दुसरा तारा यांच्यामधला तुकडा आपण नावात जितका लवकर सापडेल तितका लवकर बसवलेला असतो. समजा पहिल्याने जास्त खाल्लं असतं, तर तो तुकडा नावात आणखी उजवीकडे बसला असता आणि दुसऱ्या ताऱ्याचं काम आणखी उजवीकडून सुरू झालं असतं. पण दुसरा तारा हवी ती आणि हवी तितकी अक्षरं खाऊ शकतो. तो डावीकडून सुरू होऊन मधलं सगळं गिळेल आणि त्याच जागी येऊन उभा राहील. पहिल्याकडे परत जाऊन जे मिळालं असतं ते दुसऱ्याला जागेवर बसून मिळतं. म्हणून एकच खूण पुरते.

पायथॉनमध्ये लिहिलं तर एवढंच होतं:

```python
def match(s, p):
    i = j = mark = 0
    star = -1
    while i < len(s):
        if j < len(p) and p[j] == '*':
            star, mark = j, i
            j += 1
        elif j < len(p) and p[j] in ('?', s[i]):
            i += 1
            j += 1
        elif star != -1:
            mark += 1
            i, j = mark, star + 1
        else:
            return False
    while j < len(p) and p[j] == '*':
        j += 1
    return j == len(p)
```

`i` हे डावं बोट, `j` उजवं. `star` आणि `mark` या दोन खुणा. शेवटचं छोटं `while` विसरलं की `satbara*` हा नमुना `satbara` या नावाला नाकारतो, कारण नाव संपलं तरी नमुन्यात एक तारा उरलेला असतो आणि त्याला शून्य अक्षरं चालतात हे कुणी तपासत नाही. `j < len(p)` मोठ्या `while` मध्ये दोनदा आहे, तेही शोभेला नाही. `*.pdf` आणि `a.pdf.pdf` घेऊन बघा: पहिल्या `.pdf` वरच नमुना संपतो, नाव उरतं. तिथे हार मानायची नाही, माघार घ्यायची, म्हणजे दुसरं `.pdf` सापडतं.

सगळ्यात छुपी चूक तपासण्यांच्या क्रमात असते. ताऱ्याची तपासणी आधी हवी. अक्षर जुळतंय का हे आधी विचारलं आणि नावातच तारा असेल, जसं `*ab`, तर `*b` या नमुन्यातला तारा त्या ताऱ्याशी साधं अक्षर म्हणून जुळतो. खूण होत नाही, पुढे a पाशी अडलं की परतायला जागाच नाही, आणि उत्तर चुकतं. चाचणीसाठी घेतलेल्या नावांत सहसा तारा नसतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकू शकते.

एवढी खटपट कशासाठी, हे दुसरा रस्ता पाहिल्यावर कळतं. सरळ डोक्यात येणारी पद्धत अशी की प्रत्येक ताऱ्यापाशी सगळे पर्याय करून बघायचे: शून्य अक्षरं, एक, दोन, आणि प्रत्येक पर्यायासाठी उरलेला नमुना पुन्हा त्याच फंक्शनकडे सोपवायचा. उत्तर बरोबर येतं. पण नाव म्हणून तीस a घ्या आणि नमुना म्हणून `*a` दहा वेळा व शेवटी एक b. नावात b नाहीच, त्यामुळे जुळणी अशक्य आहे. पण त्या फंक्शनला ते कळायला हवं ना! ते तीस a मधून दहा निवडण्याचे सगळे मार्ग तपासतं, आणि ते आहेत ३,००,४५,०१५. दोन बोटांच्या पद्धतीत वरचं मोठं `while` बरोबर ६० वेळा फिरतं: दहा तारे, दहा a, मग वीस माघारी आणि प्रत्येक माघारीनंतर एक जुळणी. सर्वात वाईट नमुन्यातही हे काम नावाची लांबी गुणिले नमुन्याची लांबी याच्या आसपासच राहतं.

असं प्रत्यक्षात घडतं. २०१७ मध्ये गूगलच्या रस कॉक्स यांनी वेगवेगळ्या शेल आणि भाषांमधली ग्लॉब जुळणी मोजून पाहिली, तेव्हा त्यांतल्या काही याच खड्ड्यात पडलेल्या निघाल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत रेडिस या डेटाबेसला अशीच दुरुस्ती करावी लागली. त्यात `KEYS` किंवा `SCAN` ला मुद्दाम रचलेला तारांकित नमुना दिला की सर्व्हर शंभर टक्के प्रोसेसर खात अडकून बसायचा. ओळखायची खूण सोपी आहे: मेमरी वाढत नाही, डिस्क शांत असते, एकच कोर पूर्ण तापलेला, आणि नमुन्यात एक तारा वाढवला की वेळ पटीने वाढतो.

एक खूण पुरते हा सगळा युक्तिवाद मात्र ‘तारा काहीही खातो’ या एका वाक्यावर उभा आहे. फायलींच्या पूर्ण मार्गांत साधा तारा तिरकी रेघ ओलांडत नाही, `**` ओलांडतो, असा नियम बऱ्याच साधनांत असतो. `**/j*.pdf` हा नमुना `x/ja/jb.pdf` वर लावा. पहिल्याने x खाल्ला, रेघ आणि j जुळले, शेवटच्या ताऱ्याने a खाल्ला आणि समोर तिरकी रेघ आली. ती त्याला वर्ज्य. शेवटच्या ताऱ्याकडे परतून उपयोग नाही, मागच्या `**` कडे जावंच लागतं. तिथे दोन प्रकारच्या ताऱ्यांसाठी दोन वेगळ्या खुणा ठेवतात.

फायलींना मराठीत नावं दिली तर आणखी एक गंमत होते. ‘जुन्नर’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो: जु, न्न, र. म्हणून `???` टाकावं तर काही सापडत नाही. युनिकोडमध्ये तो सहा घरांचा आहे: ज, उकार, न, हलन्त, न, र. वरचा पायथॉन कोड एकेका घराने चालतो, त्यामुळे त्याला सहा प्रश्नचिन्हं लागतात. बाइट मोजणाऱ्या जुन्या प्रोग्रामला तर अठरा लागतील, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक घर तीन बाइटांचं असतं. आणि `*नर` लिहून वानर, किन्नर शोधायला गेलात तर जुन्नरही हजर होतो. पहिल्या न नंतर र ऐवजी हलन्त मिळतो, बोटं माघार घेतात, तारा ‘जुन्’ एवढं खातो, जोडाक्षर मधोमध तुटतं आणि उरलेले न आणि र नमुन्यात चपखल बसतात.