बँक खात्यावरील सहीच्या अधिकारात बदल : विश्वस्त मंडळाचा ठराव कसा असावा



देवस्थानच्या खात्यावर सही करणारे कार्याधिकारी बदलले की बँक विश्वस्त मंडळाच्या ठरावाची प्रत मागते. हा ठराव पुष्कळदा घाईत लिहिला जातो आणि मग तो शाखेतून परत येतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, सदोष असूनही स्वीकारला जातो. म्हणून एक उदाहरण घेऊन या ठरावाची रचना येथे मांडली आहे.

समजा, बडोद्यातील एका नोंदणीकृत देवस्थानचे सात विश्वस्त आहेत. न्यासपत्राच्या कलम 14 नुसार अध्यक्ष, चिटणीस व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने खाते चालते. मात्र त्यांतील एक सही कोषाध्यक्षांची असलीच पाहिजे. 9 जून रोजी कोषाध्यक्षांचे निधन झाले. अध्यक्ष व चिटणीस दोघेही हयात असूनही त्या दिवसापासून खात्यातून एक रुपयाही काढता येत नाही, कारण अनिवार्य असलेली सहीच उरली नाही. पुजाऱ्यांचे वेतन, फुलवाल्याचे बिल, वीज देयक असे सारेच थांबते.

अशा वेळी पहिला विचार ठरावाच्या भाषेचा नव्हे, तर व्यक्तीच्या निवडीचा करावा. बडोद्यातील न्यासांना गुजरात सार्वजनिक न्यास अधिनियम, 1950 लागू आहे. त्याच्या कलम 22 नुसार विश्वस्तांतील बदलाचा अहवाल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास द्यावा लागतो आणि चौकशीनंतर तो नोंदवहीत चढतो. मंडळाने रिक्त जागी बाहेरील सद्गृहस्थांस विश्वस्त म्हणून घेतले व त्यांनाच कोषाध्यक्ष केले, तर नोंदवहीच्या उताऱ्यात नाव नाही म्हणून बँक अडून बसू शकते. नोंद होईपर्यंत खाते बंद राहण्याची ही वेळ टाळायची असेल, तर ज्यांचे नाव नोंदवहीत आधीपासून आहे अशा विद्यमान विश्वस्तांपैकी एकास कोषाध्यक्ष निवडावे. नव्या विश्वस्तांची नेमणूक स्वतंत्र ठरावाने करावी.

आता ठरावाचे दोन भाग पाहू. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारा पूर्वभाग मंडळाला अधिकार कोठून मिळाला आणि बदलाचे कारण काय, हे सांगतो. ‘त्याअर्थी’नंतरचा आदेशभाग बँकेने काय करावे, हे सांगतो. बँक कृती करते ती आदेशभागावरून. पूर्वभागात कितीही सविस्तर लिहिले, तरी आदेशात न आलेली गोष्ट घडत नाही. आमच्या उदाहरणातील ठराव असा होईल :

ठराव क्र. 3, विश्वस्त मंडळाची सभा, दि. 15 जून

ज्याअर्थी या सभेची सूचना व विषयपत्रिका सर्व विश्वस्तांस नियमानुसार पाठविण्यात आली असून सातपैकी हयात सहा विश्वस्तांतील पाच उपस्थित आहेत व चारची गणपूर्ती पूर्ण झाली आहे;

ज्याअर्थी न्यासपत्राच्या कलम 14 नुसार बँक खाती चालविण्याची पद्धत ठरलेली आहे;

ज्याअर्थी कोषाध्यक्ष श्री. ‘क’ यांचे 9 जून रोजी निधन झाले असून आजच्या ठराव क्र. 2 अन्वये विद्यमान विश्वस्त श्री. ‘ख’ यांची कोषाध्यक्षपदी निवड झाली आहे;

त्याअर्थी असे ठरविण्यात येत आहे की,

1. बचत खाते क्र. … व चालू खाते क्र. … यांवरील तसेच मुदत ठेवींवरील श्री. ‘क’ यांचा सहीचा अधिकार संपुष्टात आल्याची नोंद बँकेने घ्यावी.

2. यापुढे सदर खाती व ठेवी अध्यक्ष श्री. ‘ग’, चिटणीस श्री. ‘घ’ व कोषाध्यक्ष श्री. ‘ख’ यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने चालवाव्यात; त्यांतील एक सही कोषाध्यक्षांची असावी.

3. दि. 4 जून रोजी दिलेले धनादेश क्र. 000412 व 000413 वटवावेत. श्री. ‘क’ यांची सही असलेला अन्य कोणताही धनादेश वटवू नये.

4. इंटरनेट बँकिंगसाठी नोंदविलेला श्री. ‘क’ यांचा मोबाइल क्रमांक काढून श्री. ‘ख’ यांचा क्रमांक नोंदवावा.

5. या ठरावाची प्रमाणित प्रत व नमुना सह्या अध्यक्ष व चिटणीस यांनी बँकेस द्याव्यात. बदलाची लेखी सूचना मिळेपर्यंत बँकेने या ठरावानुसार व्यवहार करावा.

सूचक : … अनुमोदक : … ठराव सर्वानुमते मंजूर.

यातील कलम 14 चा उल्लेख शोभेपुरता नाही. विश्वस्तांनी सर्वांनी मिळून काम करावे, ही सामान्य रीत आहे. सातांऐवजी दोघांच्या सहीने पैसा निघू शकतो तो न्यासपत्राने तशी मुभा दिली म्हणूनच. मंडळाला बहुमताने न्यासपत्राविरुद्ध पद्धत ठरविता येत नाही. त्यामुळे निकड कितीही असली, तरी ‘तूर्त एकट्या अध्यक्षांच्या सहीने’ असा ठराव करू नये.

आदेशातील पहिले कलम सर्वांत अधिक वेळा गळते. ‘श्री. ख यांस सहीचा अधिकार देण्यात येत आहे’ एवढेच लिहिले, तर बँक जुनी नावे तशीच ठेवून नवे नाव जोडू शकते. निधनाच्या प्रसंगी हे लवकर ध्यानात येते. परंतु राजीनामा दिलेल्या वा मुदत संपलेल्या कार्याधिकाऱ्यांचा अधिकार असा वर्षानुवर्षे जिवंत राहतो. दुसऱ्या कलमात ‘संयुक्त’ व ‘कोणत्याही दोघांच्या’ हे दोन्ही शब्द हवेत. नुसते ‘तिघांच्या सहीने’ म्हटल्यास तिन्ही सह्या लागतात, असा अर्थ निघतो.

तिसऱ्या कलमामागे एक नाजूक गोष्ट आहे. फुलवाल्यास व वीज कंपनीस दिलेल्या दोन धनादेशांवर सही झाली तेव्हा कोषाध्यक्षांना पूर्ण अधिकार होता, म्हणून ते धनादेश क्रमांकासह नमूद केले. तरीही बँकेने नकार दिल्यास ते परत घेऊन नव्या सहीने दुसरे द्यावेत. पुष्कळ ठिकाणी कोषाध्यक्ष सोयीसाठी कोऱ्या धनादेशांवर सही करून ठेवतात. धनादेशपुस्तक ताब्यात घेताच दोन विश्वस्तांसमक्ष असे धनादेश रद्द करावेत व त्यांचे क्रमांक इतिवृत्तात लिहावेत.

चौथे कलम पूर्वीच्या नमुन्यांत आढळत नाही. धनादेशावरील सही बदलली, परंतु व्यवहाराचा सांकेतिक क्रमांक दिवंगत गृहस्थांच्या घरी असलेल्या मोबाइलवर येत राहिला, तर बदल अर्धाच झाला असे समजावे.

ठरावासोबत निधनाचा दाखला, नव्या कोषाध्यक्षांचे ओळखपत्र, पॅन व छायाचित्र, न्यासपत्राची प्रत आणि नोंदवहीचा उतारा जोडावा. प्रमाणित प्रतीवर एकट्या नव्या स्वाक्षरीदाराची सही नसावी. स्वतःच्या अधिकाराचा दाखला स्वतःच दिल्यासारखे ते होते. प्रत दिल्यावर बँकेची पोच घ्यावी आणि काही दिवसांनी शाखेतून ‘सध्या नोंद असलेले स्वाक्षरीदार व व्यवहारपद्धती’ लेखी मागवावी. त्या पत्रातील नावे आदेशभागाशी जुळली, म्हणजेच ठराव अमलात आला. ते पत्र इतिवृत्तास जोडून पुढील सभेत वाचून दाखवावे.