हॉल तिकिटावरची चूक आणि शुक्रवार संध्याकाळचा ईमेल

माझं नाव ज्ञानदा. हे नाव सौंसरला एका तऱ्हेने लिहितात आणि नागपूरला दुसऱ्या तऱ्हेने. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदीत त्याचा ‘ग्य’ होतो. म्हणून माझ्या मध्य प्रदेशातल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी अक्षरांत GYANDA आहे, आणि नागपूरला पदवीचा प्रवेश घेताना मी मोठ्या अभिमानाने DNYANADA लिहिलं. आमच्या भागातल्या पुष्कळ मुलामुलींची हीच गत आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण कागद भोपाळच्या भाषेत, घर मराठीत आणि कॉलेज नागपुरात, ही तऱ्हा तीच राहिली.

मागच्या सत्रात पेपर सोमवारी सकाळी होता. मधल्या सुट्टीत मी घरी आले होते. शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजच्या लॉगिनमधून हॉल तिकीट काढलं आणि नावाच्या जागी GYANDA दिसलं. हातपाय गारच पडले. आई म्हणाली, “कायले रडतं वं? कालेजात लिहून पाठव ना.” मी लगेच बसले आणि परीक्षा विभागाला लांबलचक ईमेल लिहिला. नावाचा सगळा इतिहास त्यात होता: गुणपत्रिकेवर काय, आधारवर काय, अर्जात मी काय भरलं होतं, माझी चूक कशी नाही. शेवटी, सहीच्या आधी, एक ओळ होती: ‘तसेच ऐच्छिक विषयात मराठी साहित्याऐवजी हिंदी साहित्य दिसत आहे, कृपया तेही पाहावे.’

शनिवारी दुपारी उत्तर आलं. दोन ओळींचं. नावातल्या किरकोळ फरकाने परीक्षेला अडचण येणार नाही, ओळखपत्र सोबत आणावे, दुरुस्तीसाठी परीक्षेनंतर अर्ज करावा. विषयाबद्दल एक शब्द नाही.

तेव्हा मला विभागाचा राग आला होता. आता नाही येत. त्या खुर्चीवरच्या माणसाने शंभर ईमेलांमधला माझा उघडला, पहिला परिच्छेद वाचला, त्याला उत्तर दिलं आणि तो पुढे गेला. मीच मोठी चूक तळाशी लपवली होती.

हॉल तिकिटावरची कुठली चूक मोठी आणि कुठली लहान, हे ते तिकीट कशासाठी असतं ते कळलं की आपोआप समजतं. आपल्याला वाटतं, तिकीट म्हणजे दारातून आत जायची परवानगी. ती आहेच. पण ते केंद्रावरच्या एका यादीचा आपल्या हातातला तुकडाही आहे. त्या यादीत पेपरच्या कोडखाली बैठक क्रमांक असतात. त्यावरूनच कुठल्या पेपरच्या किती प्रश्नपत्रिका लागतील ते ठरतं, त्यावरूनच कुणी कुठे बसायचं ते ठरतं आणि हजेरीची सहीही तिच्यावरच होते. मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोडप्रमाणे बांधून तपासायला जातात.

आता नाव चुकलं असेल, पण बैठक क्रमांक, फोटो आणि विषय बरोबर असतील, तर या साखळीतली एकही कडी तुटत नाही. पर्यवेक्षक ओळखपत्राशी फोटो पडताळतात आणि सही घेतात. पुढे गुणपत्रिका छापायच्या आधी नाव दुरुस्त करून घ्यावं लागतं, एवढंच. पण विषयाचा कोड चुकला असेल तर माझं नाव नीट छापलेलं असूनही माझ्यासाठी मराठीची प्रश्नपत्रिका मोजलेली नसते. ती कशीबशी मिळाली आणि मी पेपर लिहिला, तरी निकाल लावताना संगणक हिंदीचे गुण शोधतो. ते मिळत नाहीत, म्हणून तिथे ‘अनुपस्थित’ येतं. मराठीचे गुण असतात, पण ते जोडायला माझ्या नावापुढे तो विषयच नसतो. तीन तास बसून लिहिलेला पेपर असा अधांतरी राहतो.

म्हणून तिकीट हातात आलं की आधी नाव न पाहता विषय आणि कोड पाहावेत, मग तारीख, वेळ आणि केंद्र, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी नाव. आपण नेमकं उलटं करतो, कारण स्वतःचं नाव चुकलेलं पाहवत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी दुसरा ईमेल लिहिला. पांढुर्ण्याची माझी मावशी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. तिने फोनवर सांगितलं, “त्यांना तुझी गोष्ट नको आहे, तुझी नोंद सापडायला हवी आहे.” तिच्या सांगण्यावरून तो असा झाला. विषयाच्या ओळीत: ‘तातडीचे – हॉल तिकिटात विषय चुकीचा – पेपर सोमवार सकाळ – नामांकन क्रमांक’ आणि पुढे आकडा. आत मजकूर एवढाच:

‘महोदय, मी बी.ए.ची नियमित विद्यार्थिनी आहे. परीक्षा अर्जात मी ऐच्छिक विषय मराठी साहित्य भरला होता. हॉल तिकिटावर हिंदी साहित्य छापले आहे. मराठीचा पेपर सोमवारी सकाळी आहे. भरलेल्या अर्जाची प्रत, शुल्काची पावती, हॉल तिकीट आणि ओळखपत्र सोबत जोडले आहे. कृपया विषय दुरुस्त करून सुधारित हॉल तिकीट द्यावे. ते वेळेत शक्य नसल्यास मला मराठीच्या पेपरला बसू देण्याबाबत केंद्राला कळवावे.’ खाली पूर्ण नाव, नामांकन क्रमांक, बैठक क्रमांक, कॉलेज, मोबाइल.

यातलं शेवटचं वाक्य मावशीचं. आधीचं वाक्य आदर्श उपाय मागतं. हे वाक्य शनिवारी संध्याकाळी खरोखर होण्यासारखा उपाय मागतं. सुधारित तिकीट काढायला डेटाबेसमध्ये बदल लागतो आणि तो अधिकार असलेला माणूस रविवारी असेलच असं नाही. केंद्राला कळवायला मात्र एक फोन पुरतो.

नामांकन क्रमांक विषयाच्या ओळीत घालायचं कारण साधं आहे. बैठक क्रमांक दर परीक्षेला बदलू शकतो, नावं सारखी असतात, पण नामांकन क्रमांक पदवी होईपर्यंत एकच राहतो. ईमेल न उघडताही त्यावरून नोंद काढता येते. भरलेला अर्ज जोडणं तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण चूक छपाईची की माझी, हे त्या एका कागदावरून ठरतं. अर्जातच मी हिंदी भरलं असतं तर ती दुरुस्ती नसती, विषयबदल झाला असता, आणि तो परीक्षेच्या तोंडावर कुणी करत नाही. कागद मी आधी मोबाइलच्या फोटोंत जोडले होते, IMG_2041.jpg वगैरे नावांनी, त्यातला एक आडवा. दुसऱ्यांदा सगळे एका पीडीएफमध्ये घातले आणि फाइलला माझा नामांकन क्रमांक दिला.

ईमेल पाठवला कॉलेजच्या परीक्षा विभागाला आणि प्रत विद्यापीठाच्या. विद्यार्थ्याने थेट विद्यापीठाला लिहिलं तर ते बहुतेक वेळा कॉलेजमार्फत या म्हणतात, आणि त्यात एक दिवस जातो. पहिल्या ईमेलच्या धाग्यातच उत्तर म्हणून मी तो लिहिला नाही, इथे मात्र मी नशीबवान ठरले. जुन्या धाग्याची विषयाची ओळ ‘नावात चूक’ अशी होती आणि त्यांच्या लेखी ते प्रकरण मिटलं होतं. एरवी एकाच तक्रारीचे तीन ईमेल पाठवू नयेत. तीन जण ते उघडतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा पाहतो आहे.

रविवारी उत्तर नाही. पहाटेची गाडी पकडायची होती, त्यामुळे रात्रीच ईमेलची, अर्जाची आणि पावतीची प्रत्येकी दोन प्रिंट काढून ठेवल्या. सोमवारी दीड तास आधी केंद्रावर पोचले. वर्गाकडे न जाता थेट केंद्रसंचालकांकडे गेले. त्यांना कुठूनही फोन आला नव्हता. त्यांनी अर्जाची प्रत पाहिली, कॉलेजला फोन लावला, माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेतलं आणि मराठीच्या वर्गात जादा जागा दिली. हजेरीच्या यादीत माझा क्रमांक नव्हता, म्हणून वेगळ्या कागदावर सही घेतली. उत्तरपत्रिकेवर कोड लिहिताना मी हॉल तिकिटावरचा लिहिणार होते, सवयीने. पर्यवेक्षक बाईंनी हात धरला: “समोरच्या प्रश्नपत्रिकेवरचा लिही.”

ईमेलने मला वर्गात बसवलं नाही, हे खरं. पण शनिवारची तारीख आणि वेळ असलेला तो कागद नसता तर मी सकाळी उगवलेली, आयत्या वेळी विषय बदलू पाहणारी मुलगी ठरले असते.

तिकीट हरवलं तर हे सगळं फार सोपं असतं, कारण नोंद जागेवर असते, फक्त कागद गेलेला असतो. माझा मामेभाऊ नरखेडला, म्हणजे सीमेच्या पलीकडे, महाराष्ट्र बोर्डात बारावीला होता. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याची बॅग बसमध्ये राहिली. तो रात्रभर बोर्डाचा ईमेल पत्ता शोधत बसला. गरजच नव्हती. महाराष्ट्र बोर्डाची हॉल तिकिटं शाळेच्या आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या लॉगिनमधून निघतात. हरवलं तर तिथेच पुन्हा प्रिंट काढतात आणि त्यावर लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून देतात. फोटो सदोष असेल तर नवा चिकटवून प्राचार्य शिक्का आणि सही करतात. विषय किंवा माध्यम चुकलं असेल तेव्हा मात्र विभागीय मंडळाकडे जावं लागतं, तेही कॉलेजने. म्हणजे बोर्डसुद्धा हाच फरक करतं.

आणि कधी कधी चूक एकट्याची नसतेच. जानेवारी २०२५ मध्ये याच बोर्डाच्या हॉल तिकिटांवर जातीच्या प्रवर्गाचा रकाना छापून आला. टीका झाली आणि बोर्डाने ती तिकिटं मागे घेऊन नवी दिली. अशा वेळी वर्गातल्या दोघातिघांची तिकिटं आधी पाहून घ्यावीत. सगळ्यांची तीच चूक असेल तर लिहायचं काम कॉलेजचं.

माझा निकाल लागला तेव्हा मराठीपुढे काही नव्हतं आणि हिंदीपुढे ‘अनुपस्थित’ होतं. हमीपत्राची प्रत, वेगळ्या हजेरीचा दाखला आणि तो शनिवारचा ईमेल घेऊन पुन्हा अर्ज केला. पाच आठवड्यांनी मराठीचे गुण चढले. नावाची दुरुस्ती अजून चालू आहे. तोवर गुणपत्रिकेवर मी GYANDA.