काटोलचा दगड: आकाशातून आला, तरी जळून का गेला नाही?

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहत असलो, तरी आजची गोष्ट नागपूर जिल्ह्यातल्या काटोलची आहे. 22 मे 2012 रोजी दुपारी दोनच्या सुमारास तिथे आकाशात मोठा स्फोटासारखा आवाज झाला आणि काटोलच्या परिसरात काळे दगड पडले. अवकाशातून येऊन जमिनीपर्यंत पोहोचलेल्या अशा दगडाला आपण अशनी म्हणतो.

पहिला प्रश्न हा की, आगीचा गोळा होऊन आलेला दगड उरतो कसा? अशनी वातावरणात शिरते ती सेकंदाला निदान 11 किलोमीटर वेगाने. तिच्यापुढची हवा इतक्या जोराने दाबली जाते की ती हजारो अंशांपर्यंत तापते. दगडाचा पृष्ठभाग वितळतो, पण वितळलेला थर हवेच्या झोताने लगेच निघून जातो आणि उष्णताही सोबत नेतो. हे सगळं काही सेकंदांतच आटोपतं. दगड उष्णता फार हळू आत जाऊ देतो, त्यामुळे आतला भाग अवकाशात होता तसाच थंड राहतो. हवेच्या दाबाने दगड फुटतो आणि आवाजापेक्षा जास्त वेगामुळे तो गडगडाट ऐकू येतो.

जमिनीपासून साधारण 15 ते 20 किलोमीटर उंचीवर लहान तुकड्यांचा वेग मोडतो आणि प्रकाश विझतो. पुढची दोन-तीन मिनिटं ते उंचावरून टाकलेल्या दगडासारखे, ताशी काहीशे किलोमीटर वेगाने खाली येतात. शेवटचा वितळलेला थर गोठून एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काळी साल बनते. म्हणून ताजी अशनी गवत पेटवत नाही.

मग मोठा दगड जास्त टिकायला हवा ना? उलट आहे. बुलडाण्याचं लोणार पाहा. तिथला दगड इतका मोठा होता की हवा त्याला रोखूच शकली नाही. तो पूर्ण वेगाने आदळला, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर झालं आणि दगड स्वतः जवळजवळ पूर्ण नष्ट झाला. काटोलचे दगड उरले, कारण हवेने त्यांना वेळेत थांबवलं.

अशनींचे मुख्य प्रकार तीन: दगडी, लोखंडी आणि दोन्हींचं मिश्रण असलेल्या. पडताना दिसलेल्या अशनींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दगडी असतात. लोखंडी अशनी म्हणजे लोह आणि निकेल, एखाद्या फुटलेल्या लघुग्रहाच्या गाभ्याचा तुकडा. काटोलची अशनी दगडी, ‘एल 6’ गटातली. ‘एल’ म्हणजे या जातीच्या दगडांत लोहाचं प्रमाण कमी. ‘6’ म्हणजे मूळ लघुग्रहाच्या पोटात ती इतकी तापली होती की सूर्यमाला घडतानाचे तिच्यातले बारीक गोल कण पुसट झाले. पुढे अवकाशातल्या टकरींनी तिच्यावर प्रचंड दाब आला. त्या दाबाने तयार झालेलं ब्रिजमनाइट हे खनिज आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना याच अशनीत सापडलं. आपल्या पृथ्वीच्या खोल पोटात भरपूर असलेलं हे खनिज आपल्या हाती सहसा लागत नाही.

आता ओळख. काटोलच्या भोवती सगळा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. तो काळा असतो, जडही असतो आणि लोहचुंबकाला थोडा ओढतोही. मग फरक कुठे? तुटलेल्या कडेवर. बेसॉल्ट आतबाहेर काळसर असतो आणि त्यात अनेकदा बुडबुड्यांची भोकं असतात. ताज्या दगडी अशनीची साल काळी, पण आतला भाग फिकट राखाडी असतो आणि त्यात लोखंडाचे चमकणारे बारीक कण दिसतात. भोकं जवळजवळ नसतात. बाहेर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात.

दिल्लीकडे जास्त फसवतो तो भट्टीतला मळ, म्हणजे स्लॅग. तो जड असतो, चुंबकाला चिकटतो, पण आत स्पंजासारखी भोकं असतात. लोहखनिज ओळखायला तो दगड चकाकी नसलेल्या फरशीच्या मागच्या बाजूवर घासा. लाल किंवा गडद काळी रेघ उठली, तर ती बहुधा अशनी नाही.

या चाचण्यांना मर्यादा आहे. काही दुर्मीळ दगडी अशनींत धातू नसतोच, त्यामुळे चुंबक त्यांना ओळखत नाही. शिवाय जोरदार चुंबक लावला, तर दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. म्हणून साधा चुंबक दोऱ्याला बांधून, तोही फक्त जवळ न्या. शेवटचा निर्णय प्रयोगशाळेतल्या निकेल आणि खनिजांच्या तपासणीनेच होतो. दगड पडताना दिसला असेल, तर तो धुऊ नका आणि फोडू नका. जागा, वेळ आणि फोटो नोंदवा, दगड स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. पावसाचं पाणी लागलं की आतल्या लोखंडाला गंज चढू लागतो, म्हणून तो पावसाळ्याआधीच पोहोचलेला बरा.